रिकाम्या बंडीचं वजन

आमच्या खात्यात एक जुनी पद्धत आहे, तिला अर्धसमास म्हणतात. कागदाला मधोमध उभी घडी घालायची. डाव्या अर्ध्यात लेखापरीक्षकाने आपला प्रश्न लिहायचा, उजवा अर्धा कोरा सोडायचा आणि ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे त्याच्याकडे कागद पाठवायचा. त्याने उजवीकडे खुलासा लिहून, सही करून कागद परत द्यायचा. हल्ली सगळं संगणकावर होतं, तरी मी हा कागद सोडला नाही. माणूस समोरच्या कोऱ्या जागेत काय लिहितो आणि काय टाळतो, यावरून मला बरंच कळतं, असं मी नव्या पोरींना ऐटीत सांगत असे. आता सांगत नाही.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक. माहेर लाखांदूरकडचं, धानाच्या बांधावर वाढलेली. जन्मात कधी ऊस लावला नाही. आमच्या जिल्ह्यात ऊस तसा मागाहून आलेला. तलावाचं नाहीतर कालव्याचं पाणी ज्याला हमखास मिळतं त्याने दोन-चार एकरांत लावायचा, बाकी सारं धानच. तरीही जिल्ह्यात एक सहकारी साखर कारखाना होता आणि त्या वर्षीचं त्याचं लेखापरीक्षण माझ्याकडे आलं. मी खूश नव्हते. मे महिना, पत्र्याचं ऑफिस, आणि कूलरमध्ये पाणी टाकणारा माणूस रजेवर. मी मुळात चिडकी आहे, हे खात्यात सगळ्यांना माहीत. त्या उन्हाळ्यात मला कुणी नुसतं 'चहा घेता का' विचारलं तरी राग येत होता.

साखर कारखान्याच्या लेखापरीक्षणात ऊस खरेदी हा सगळ्यात मोठा खर्च. त्याची तपासणी करायची म्हणजे एकेका खेपेमागे चालत जायचं. शेतात ऊस तुटला की गाडी कारखान्यात येते आणि आधी काट्यावर चढते. ते भरलेलं वजन. मग गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथे, गाडी रिकामी होते आणि परत जाताना पुन्हा काट्यावर येते. ते रिकामं वजन. भरल्यातून रिकामं वजा केलं की उसाचं वजन निघतं, आणि त्याचीच पावती शेतकऱ्याला मिळते. पंधरा दिवसांच्या पावत्या मिळून एक बिल. बिलातून बेण्याची आणि खताची उधारी, सोसायटीची वसुली अशा कपाती जातात आणि उरलेली रक्कम बँकेत. मी काही सभासद निवडते आणि त्यांच्या प्रत्येक खेपेचा प्रवास काट्यापासून बँकेपर्यंत जुळवून बघते.

पहिल्याच आठवड्यात मोठी गोष्ट सापडली. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर उशिराच्या दिवसांवर पंधरा टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं, असा कायदा आहे. दोन पंधरवड्यांची बिलं कारखान्याने बऱ्याच उशिरा दिली होती आणि व्याजाचा एक पैसा धरला नव्हता. मी मुख्य लेखापालांना विचारलं. ते गोरेगोमटे, कपाळाला घाम न येणारे गृहस्थ. ते म्हणाले, "म्याडम, हे तं सगळीकडेच आहे." उजव्या बाजूला त्यांनी लिहिलं, 'आर्थिक अडचणीमुळे विलंब, संचालक मंडळापुढे ठेवू.' हे उत्तर मी इतक्या ठिकाणी वाचलं आहे की त्याचा शिक्का करून मिळाला असता तरी चाललं असतं.

दुसरी गोष्ट लहान होती. कारखान्याच्या आसपासच्या चार-सहा गावांतून अजून बैलबंडीने ऊस येतो. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बहुतेक ऊस ट्रॅक्टरनेच येतो, बंड्या अठरा-वीसच असतील, पण त्यांच्यासाठी एक वेगळा छोटा काटा आहे. बैलांसकट बंडी त्यावर उभी राहते. मी निवडलेल्या सभासदांत एक बंडीवाला आला. अडीच एकर ऊस, तोडणी आणि वाहतूक स्वतःची, हंगामात साठ खेपा.

बैलबंडीचं रिकामं वजन रोज सारखं येत नाही, हे मला काट्यावरच कळलं होतं. बैल पाणी प्यायले की वाढतं, चाकाला चिखल असला की वाढतं. म्हणून मी पंधरवड्यांची सरासरी काढली. पहिल्या पंधरवड्यात या बंडीचं रिकामं वजन सरासरी एक हजार चौतीस किलो. दुसऱ्यात एकतीस. तिसऱ्यात सव्वीस. तिथपर्यंत ठीक, मला वाटलं पावसाळ्यात भिजलेलं लाकूड वाळत असेल. मग चौदा दिवस या माणसाची एकही खेप नाही. आणि चौदा दिवसांनी तीच बंडी, तेच बैल, रिकामं वजन नऊशे शहाऐंशी. तिथून हंगाम संपेपर्यंत तेवढंच.

एका झटक्यात चाळीस किलो कमी. रिकामं वजन कमी लागलं की उसाचं वजन वाढतं. शेवटच्या सव्वीस खेपांत मिळून एक टनाहून जास्त ऊस कागदावर वाढला, असा त्याचा अर्थ मी लावला. पैशाने बघितलं तर तीन हजारांच्या आसपास. पण वजनकाट्यावर पैसा किती हे बघत नाहीत. काट्यावर एक जण सामील असला की सारा कारखाना पोखरतो, हे मला माझ्या साहेबांनी पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि मी ते फार चांगलं शिकले होते.

काट्यावर एकच बाबू होते. साठीला आलेले, किडकिडीत, शर्टाच्या खिशात चष्म्याचं कव्हर आणि दोन पेनं. काटा संगणकाला जोडलेला होता, त्यामुळे आकडा हाताने बदलता येत नव्हता. पण बंडी काट्यावर पुरी चढली की नाही, हे बाबूच बघतात. एक चाक जरा काठावर राहिलं की वजन कमी येतं. चौदा दिवसांत काहीतरी ठरलं असणार आणि मग चाक काठावर ठेवायला सुरुवात झाली असणार, असा माझा हिशेब. मी अर्धसमासात डावीकडे तारखा आणि सरासऱ्या मांडल्या आणि खाली लिहिलं, 'वजन घेताना सभासदास अनुचित लाभ दिल्याचे दिसते. खुलासा करावा.'

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. उजव्या बाजूला एकच शब्द होता. 'मान्य.' खाली सही.

इतक्या वर्षांत 'मान्य' असं उत्तर मला क्वचितच मिळालं असेल. लोक रडतात, भांडतात, आजारी पडतात, संगणकावर ढकलतात. या माणसाने एका शब्दात मानही खाली घातली नव्हती आणि वरही केली नव्हती. मला तो उर्मटपणा वाटला. मी रागाने मुख्य लेखापालांच्या टेबलावर कागद ठेवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा उत्साह बघितला.

"चार महिन्यांत रिटायर होऊन राहिला हा," ते म्हणाले. "बरं झालं आताच सापडला. निलंबनाची टिपणी करतो. ग्रॅच्युइटी रोखू."

व्याजाच्या प्रश्नाला ज्या माणसाने दहा दिवस लावले, त्याने ही टिपणी दुपारच्या जेवणाआधी तयार केली. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, उलट मनातून सुखावले. निदान एक तरी गोष्ट इथे ताबडतोब होते, असं वाटलं. टिपणीवर सही करायला कार्यकारी संचालक आठवड्याने येणार होते.

त्या आठवड्यात माझं सभासदांच्या येणे बाकीचं काम होतं. कारखान्याच्या खात्यात सभासदाच्या नावावर जी उधारी दिसते ती त्याला मान्य आहे का, हे पत्र पाठवून विचारायचं आणि काही ठिकाणी स्वतः जाऊन बघायचं. बंडीवाल्याचं नाव मी मुद्दाम त्या यादीत घातलं. मला त्याची बंडी बघायची होती.

कारखान्यापासून गाव चार किलोमीटर. सकाळी आठलाच ऊन चढलेलं. माझी स्कूटी धुळीत दोनदा बंद पडली. त्याचं घर शेवटचं, समोर सारवलेलं अंगण, पुढे कडुनिंब, आणि निंबाखाली ती बंडी उभी, दांड्या जमिनीला टेकवलेल्या. माणूस पंचावन्नच्या घरातला, बारीक पण ताठ. त्याने खाट टाकली, त्यावर चादर घातली, गडव्यातून पाणी दिलं. मी काय कामाला आले ते सांगितलं तेव्हा तो आत गेला आणि तारेचा आकडा घेऊन आला. हंगामातल्या साठ पावत्या त्या तारेत ओवलेल्या. क्रमाने.

उधारीचा हिशेब आधी झाला. बेण्याची इतकी, खताची इतकी, बिलागणिक कापलेली इतकी. त्याने बोटांवर मोजून जी बाकी सांगितली ती माझ्या कागदावरच्या बाकीशी रुपयाला जुळली. पत्रावर त्याने सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत. असा चोख हिशेब ठेवणारा माणूस काट्यावर लबाडी करतो, याचा मला जास्तच राग आला.

मी उठून बंडीभोवती फिरले. चाकं बघितली, साटा बघितला, खालून वाकून बघितलं. कुठे काही काढल्या-घातल्याची खूण नाही.

"हंगामात मधे बंडीत काही बदल केला का?" मी विचारलं.

"नाही जी."

"बैल बदलले?"

"हेच बैल."

"मग चौदा दिवस ऊस काहून आणला नाही?" रागावले की मी माहेरच्या बोलीवर येते.

मी पावत्यांवर बोट ठेवून सांगितलं की या तारखेपर्यंत तुमची रिकामी बंडी एक हजार तीस भरते आणि या तारखेनंतर नऊशे शहाऐंशी. रिकाम्या बंडीचं वजन आपोआप चाळीस किलोने उतरत नाही. तो पावत्यांकडे बघत राहिला. त्याला आकडे कळत नव्हते असं नाही. त्याने त्या आकड्यांकडे या बाजूने कधी बघितलं नव्हतं.

"रिकामी नव्हती जी ते," तो म्हणाला. "मागं बुढी बसत होती."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. बुढी म्हणजे बायको.

तो सांगायला लागला, पावत्या हातात तशाच. दोघं मिळून ऊस तोडायचे, तो तोडायचा आणि ती मोळ्या बांधायची. भरलेल्या बंडीबरोबर दोघं पायी चालायचे, कारण चार किलोमीटर बैलांना आधीच ओझं. काट्यावरही दोघं खालीच. गव्हाणीवर ऊस उतरला की थकलेली दोघं बंडीत चढायची, तो पुढे, ती मागे, आणि घरी निघायची. वाटेत काटा. काट्यावर बंडी उभी राहायची, पावती हातात यायची, बंडी निघायची. उतरायचं कशाला, घरी तर चाललोय.

"तिले खोकला लागला होता," तो म्हणाला. "मोळ्या बांधणं होये नाही अखेरी. मी म्हटलं घरी राह्य. नाही म्हणे. घरी एकटी बसून काय करू, बंडीत बसून येतो म्हणे. मंग जातानी अर्धी वाट बसे, मंग उतरून काट्यापर्यंत चालत जाये, येतानी बसे. गेली तं तेरवी होईस्तोवर बंडी जुतली नाही. तेच ते चौदा दिवस."

मी खाटेवर बसले. माझ्या पिशवीत त्या अर्धसमासाची प्रत होती, डावीकडे माझं सुबक अक्षर, 'अनुचित लाभ'. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे ठेवावी हे कळेना. त्या माणसाने मात्र माझ्याकडे बघितलंही नाही. तो विचारत होता, "ते पैसे आता भरावे लागतीन का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचंच येणं आहे."

ते बोलता बोलताच मला पुरतं उमगलं. रिकाम्या वजनात माणूस बसलेला असला की ते वजन वाढतं आणि तेवढं उसातून वजा होतं. पहिल्या तीन पंधरवड्यांत या माणसाच्या प्रत्येक खेपेतून दोन माणसांचं वजन कापलं गेलं होतं. चौदा दिवसांनंतर एका माणसाचं. ज्या सव्वीस खेपांत मला चोरी दिसली त्या खेपांत कारखान्याने त्याला कमी लुटलं होतं, इतकंच. आणि हा एकटा नव्हता. प्रत्येक बंडीवाला घरी जाताना बंडीत बसतो.

कारखान्यात परतले तेव्हा दुपार झाली होती. छोट्या काट्याच्या खोलीला खिडकी आहे आणि खिडकीच्या वर एक पाटी, अक्षरं उडालेली. मी ती रोज बघत होते आणि एकदाही वाचली नव्हती. 'दोन्ही वजनांच्या वेळी गाडीवानाने काट्यावरून खाली उतरावे.' आत बाबू बसले होते. हंगाम संपलेला, काम काही नाही, तरी रजिस्टर उघडं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. मी आवाज चढवणार होते, पण चढला नाही.

त्यांनी चष्मा काढला. "माहीत होतं जी."

"मग मान्य काहून लिहिलं? ती बाई मागे बसत होती, हे एवढं लिहायला काय झालं होतं? तुम्ही चोर ठरून राहिले होते."

"लिवलं असतं तं तुमी बाकीच्या बंड्याईचा हिशोब काढला असता," ते म्हणाले. "बरेच वर्सं मी या काट्यावर आहो. सहा वर्सं कोणाले उतरा म्हटलं नाही. आधी म्हणत होतो. लोक थकून येत, हसत, म्हणत बाबू, आता चढलो, आता उतरू का. मंग सोडून देल्लं. त्याईले वाटे बाबू भला माणूस आहे. माझ्या भलेपणानं त्याईचाच ऊस कापला जाये, हे कोणत्या तोंडानं लिवू."

मग तेच म्हणाले, "आणि ते बाई. तिले पायलं होतं तुमी?"

"मी कशी पाहणार?"

"तिले बंडीतून उतराले आणि चढाले पाच मिनटं लागत. धरून उतरवा लागे. तिले मात्र एक दिवस म्हटलं, वैनी, उतरता का. ते उतराले लागली. एक पाय खाली, एक वर, आणि खोकला आला. खोकतच राहिली. मी म्हटलं राहू द्या, बसा. बटन दाबलं." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तवापासून मी त्या खिडकीतून तिच्याकडे पायलं नाही. आकड्याकडं पायलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. रागावण्यासारखं होतंच. गरिबाचा ऊस सहा वर्षं कापला गेला, आणि त्यांना ते माहीत होतं. पण मी स्वतः तिची मरणाची वेळ चोरीच्या तारखा म्हणून मांडून आले होते, त्यामुळे माझ्याकडे राग उरला नव्हता. मी लेखापालांच्या टेबलावरून मूळ कागद परत आणला आणि बाबूंपुढे ठेवला.

त्या कागदावर 'मान्य'च्या वर भरपूर कोरी जागा होती. नियमाने ती त्यांची. मी त्यांना पेन दिलं आणि समोर उभी राहिले. त्यांनी अर्धा तास घेतला. पाटीबद्दल लिहिलं, सहा वर्षांबद्दल लिहिलं, प्रत्येक बंडीत एक माणूस बसलेला असे आणि या बंडीत दोन, असं लिहिलं. बाईच्या खोकल्याबद्दल लिहिलं नाही. मी डाव्या बाजूचं माझं 'अनुचित लाभ'चं वाक्य एका रेघेने खोडलं आणि शेजारी सही केली. लेखापरीक्षकाने आपला आक्षेप असा खोडायचा नसतो, नवा कागद करायचा असतो. मला नवा कागद करायचा नव्हता.

मुख्य लेखापाल नाराज झाले. चोरी असती तर एक बाबू गेला असता आणि कारखाना स्वच्छ राहिला असता. चूक निघाली तर कारखान्याला पैसे द्यावे लागत होते. "म्याडम, कायले वाढवता," ते म्हणाले, "माणसाच्या वजनाचा पुरावा कुठून आणणार?" मी म्हणाले, काटा आहे, बंड्या आहेत, माणसं आहेत. पुन्हा मोजा. कार्यकारी संचालक आले, त्यांनी लेखापालांची टिपणी आणि बाबूंचा नवा खुलासा दोन्ही वाचलं. माझ्या अहवालात उशिराच्या व्याजाची रक्कम आणि बंड्यांचं वजन दोन्ही होतं. संचालक मंडळाच्या दोन बैठका झाल्या. व्याजाचं अजूनही 'विचाराधीन' आहे, मी दर वर्षी विचारते. बंड्यांचं मात्र त्यांनी मान्य केलं, रक्कम फार नव्हती म्हणून असेल. पण फक्त त्याच हंगामापुरतं. मागच्या पाच वर्षांच्या पावत्या बहुतेकांनी जपून ठेवल्या नव्हत्या. बाबूंचं निलंबन टळलं, सेवापुस्तकात ताकीद चढली आणि ग्रॅच्युइटी सुटली.

पावसाळा लागायच्या आधी सगळ्या बंड्यांना बोलावलं. प्रत्येक बंडी एकदा माणूस बसवून मोजायची, एकदा उतरवून. फरक म्हणजे त्या माणसाचं वजन, त्याला खेपांनी गुणायचं, तेवढ्या उसाचं पुरवणी बिल. बाबूंनी खिडकीत बसूनच मोजणी केली. निवृत्तीच्या आधीचं त्यांचं ते शेवटचं मोठं काम. दर बंडीला ते बाहेर मान काढून म्हणत, "आता उतरा जी." लोक हसत उतरत. एकाने विचारलं, हे आधी काहून सांगितलं नाही. बाबू म्हणाले, चूक झाली. तो माणूस बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि मग बैल घेऊन गेला.

तो साठ खेपांचा बंडीवाला शेवटून तिसरा आला. बसून मोजलं, उतरून मोजलं. फरक चोपन्न किलो. साठ खेपा, तीन टन दोनशे चाळीस किलो. बाबूंनी ते लिहिलं आणि पुढची ओळ कोरी ठेवून माझ्याकडे बघितलं. त्या ओळीतलं माणूस आता मोजता येणार नव्हतं. त्याचा हिशेब मी घरून करून आणला होता, पंधरवड्यांच्या त्याच सरासऱ्यांवरून. एक हजार चौतीसमधून नऊशे शहाऐंशी. एकतीसमधून. सव्वीसमधून. मी ज्याला वाळणारं लाकूड समजले होते ते लाकूड नव्हतं.

पुरवणी बिल तिथेच टेबलावर तयार झालं. मी त्याला ओळीने समजावलं, ही तुमच्या वजनाची रक्कम, ही त्यांच्या. त्याने रकमेकडे बघितलं नाही. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे किती धरली तुमी तिले?"

"पहिल्या पंधरवड्यात अठ्ठेचाळीस किलो," मी म्हणाले. "मग पंचेचाळीस."

"मंग?"

"शेवटी चाळीस."

खिडकीत बाबूंनी पेन खाली ठेवलं. तो मान हलवत राहिला, कुणीतरी फार दिवसांनी त्याच्या मनातलं बरोबर सांगितल्यासारखी.

"दवाखान्यात मोजलं नाही तिले," तो म्हणाला. "काटा बंद आहे म्हणत. मी घरी म्हणत होतो, तू लय हलकी होऊन राहिली, तं ते म्हणे, तुमाले दिसते तसं. मले वाटे खरंच मलेच दिसते." मग त्याने बिल माझ्यापुढे सरकवलं. "हे तीन आकडे एका कागदावर लिवून द्या जी. बिल तं बँकेत जाईन."

माझ्या पिशवीत अर्धसमासाचे कागद होते, घडी घातलेले. मी एक काढला. डावी बाजू माझी, उजवी त्यांची, पण त्या दिवशी मी उजवीकडे लिहिलं. अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, चाळीस, आणि समोर तारखा. त्याने तो कागद साठ पावत्यांच्या तारेत सगळ्यात शेवटी ओवला. बंडीकडे गेला, बैलांना हाक दिली, आणि काटा पुरता ओलांडल्यावरच बंडीत चढला.